माझं पहिलं पान: लॅपटॉपवर मराठी, फोनवर भुताटकी

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागर तालुक्यात, वेळणेश्वरच्या अलीकडे राहतो. घराच्या मागच्या दोन खोल्या यंदा पाहुण्यांसाठी नीट करून घेतल्या. मध्यंतरी बायकांसाठी तीन दिवसांचा संगणकाचा क्लास झाला, त्यात शेवटच्या दिवशी नोटपॅडमध्ये एचटीएमएलचं पान लिहून ब्राउझरमध्ये उघडायचं दाखवलं. मला भारी वाटलं. घरी येऊन क्लासच्या नोट्समधून सांगाडा उचलला, मजकूर आपला घातला आणि पान केलं. नाव अजून ठरत नाहीये (सासूबाईंचं एक, नवऱ्याचं दुसरं), म्हणून सध्या वर नुसतं 'अंगण' लिहिलंय.

लॅपटॉपवर फाईलवर दोनदा क्लिक केलं की क्रोममध्ये पान उघडतं, मराठी अक्षरं स्वच्छ दिसतात. फक्त फोटो येत नाही, त्या जागी फाटक्या कागदासारखं छोटं चित्र येतं. म्हटलं ते नंतर बघू. तीच फाईल हौसेने मावसभावाला डोंबिवलीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्याने फोनवर उघडली आणि विचारलं, "ताई, हे काय फ्रेंच आहे का?" मग मी माझ्याच फोनवर उघडून पाहिली, तर खरंच सगळी भुताटकी.

फाईल तीच आहे, मी मध्ये काही बदललेलं नाही. मग लॅपटॉपला मराठी कळतं आणि फोनला नाही, असं कसं? माझ्या फोनवर बाकी सगळं मराठीच चालतं.

---

शहाळं

फोन डोंबिवलीत गेला की मराठी विसरतो. आमच्या धाकट्या काकांचंही तसंच झालं होतं.

---

छापखाना

ताई, हा फॉन्टचा प्रश्न आहे. मी कुडाळात २२ वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिकांपासून ग्रामपंचायतीच्या अहवालांपर्यंत. फाईल आपल्या मशीनवर सुरेख दिसायची आणि दुसऱ्याकडे नेली की इंग्रजी अक्षरांचा कचरा, हे रोजचं दुखणं. कारण एकच, त्याच्याकडे तो फॉन्ट नसायचा. पेन ड्राइव्हवर फाईलबरोबर फॉन्टही द्यायची पद्धत होती. तुमच्या पानात फॉन्टचं नाव घाला, मंगल म्हणून, म्हणजे झालं.

---

दीपगृह

फॉन्टचा संबंध नसावा. 'भुताटकी' म्हणजे नक्की काय दिसतं ते सांगा. चौकोन दिसतात, प्रश्नचिन्हं दिसतात की à असली अक्षरं? तिन्हींचे आजार वेगळे आहेत. शक्य असेल तर फोनवर वरचं शीर्षक जसं दिसतं तसं कॉपी करून इथे चिकटवा.

---

खाडीकाठची

हे घ्या. मोठ्या अक्षरातलं शीर्षक फोनवर असं दिसतं:

```
à¤…à¤‚à¤—à¤£
```

---

दीपगृह

वा, हे तर शाबूत 'अंगण' आहे. एकही अक्षर हरवलेलं नाही.

नीट बघा. à¤ ही जोडी चार वेळा आली आहे आणि प्रत्येक जोडीमागे एकेक वेगळं चिन्ह आहे: तीन टिंबं, खाली आलेला स्वल्पविरामासारखा ठिपका, लांब आडवी रेघ आणि पौंडाची खूण. 'अंगण' लिहिताना संगणक चार चिन्हं साठवतो: अ, अनुस्वार, ग, ण. UTF-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये बसतं, म्हणजे एकूण बारा बाइट. मराठी मजकुराच्या चिन्हांचे पहिले दोन बाइट बहुतेक E0 आणि A4 असतात, काहींचे E0 आणि A5. आता तुमच्या फोनच्या ब्राउझरने समजूत करून घेतली की हे पान पश्चिम युरोपच्या जुन्या पद्धतीने लिहिलंय, जिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर. त्या तक्त्यात E0 म्हणजे à आणि A4 म्हणजे ¤. म्हणून प्रत्येक मराठी चिन्हाच्या जागी तीन-तीन चिन्हं आली. माल तोच आहे, मोजणारा चुकलाय.

छापखाना, तुमचा कचरा वेगळ्या जातीचा होता. त्या फॉन्टांत फाईलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असायचे आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवायचा. फॉन्ट काढला की साधी इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. हे दर तीन चिन्हांनी परत परत येणारं à¤ तिथे दिसायचं नाही. इथे मंगल घातला तरी मंगलही इमानदारीने à¤ च काढून दाखवेल.

ताई, पानाच्या वरच्या भागात meta charset ची ओळ नसणार. ती घाला, काम होईल.

---

खाडीकाठची

पण ती ओळ आहे! क्लासमध्ये बाईंनी ती दोनदा लिहून घेतली होती. पूर्ण फाईलच देते:

```
<!DOCTYPE html>
<html>
<head>
<meta charset=“utf-8”>
<title>अंगण</title>
</head>
<body>
<h1>अंगण</h1>
<p>समुद्र दहा मिनिटांवर. दोन खोल्या, घरचं जेवण.</p>
<img src=“angan.jpg”>
</body>
</html>
```

---

शहाळं

घरचं जेवण म्हणजे मासे की शाकाहारी? पानावर लिहिलेलं नाही. ही खरी चूक.

---

वेंगुर्ल्याची_सून

मी शाळेत आठवीला संगणक शिकवते, तर माझा एक अनुभव. आमच्या लॅबमध्ये काही जुनी मशीन्स आहेत, विंडोज ७ वाली. तिथल्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली Encoding चा खटका असतो आणि तो आपोआप ANSI वर असतो. पहिल्या वर्षी मुलांनी 'माझं गाव' म्हणून पानं लिहिली. सेव्ह करताना एक खिडकी आली होती की काही अक्षरं हरवतील. इंग्रजीतली खिडकी आठवीचा मुलगा वाचत नाही, ओके दाबतो. दुसऱ्या दिवशी उघडलं तर सगळीकडे ????. मीही आधी तुमच्यासारखंच म्हटलं, ब्राउझरची गडबड असेल. पण नोटपॅडमध्ये उघडलं तरी ????. अक्षरं फाईलमधूनच गेलेली. तीस मुलांचं गाव गेलं वाहून.

विंडोज १० च्या २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून नोटपॅड नवी फाईल आपोआप UTF-8 मध्ये सेव्ह करतं. म्हणजे ताईंच्या लॅपटॉपवर तो धोका नसावा. तरी एकदा नोटपॅडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे काय लिहिलंय ते बघा.

---

दीपगृह

बरोबर. त्यात एक सोपी खूणही आहे. ANSI मध्ये घालवलेलं 'अंगण' चार प्रश्नचिन्हांचं होतं आणि चुकीचं वाचलेलं 'अंगण' बारा चिन्हांचं. तिप्पट दिसलं की जीव भांड्यात पडू द्या.

---

खाडीकाठची

खालच्या पट्टीत UTF-8 च आहे. मग?

---

बाबू_देवगड

मधीच तोंड घालतंय, माफी करा. माझा तर पानच दिसणा नाय. मी पण नोटपॅडात लिवलंय, आंब्याच्या पेटयेचे दर घालून. फाईलीचा नाव index.html दिलंय. दोनदा क्लिक केला की परत नोटपॅडच उघडता. ब्राउझरात ओढून टाकलंय तर ते कोन-कोन वाले कंस जसेच्या तसे दिसतत, `<h1>` सकट. तुमचा निदान फ्रेंच तरी दिसता!

---

वेंगुर्ल्याची_सून

बाबू, ब्राउझरात ओढून टाकल्यावर वरच्या पत्त्याच्या पट्टीत शेवटी काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचून सांगा.

---

बाबू_देवगड

```
file:///C:/Users/babu/Documents/index.html.txt
```

आयला. हा शेवटचा txt खयसून इला? फोल्डरात तर index.html असाच दिसता.

---

वेंगुर्ल्याची_सून

नोटपॅडने चिकटवलं. सेव्ह करताना खाली Save as type मध्ये Text Documents असेल तर ते आपल्या नावापुढे गुपचूप .txt लावतं. आणि विंडोज फोल्डरमध्ये ओळखीचं शेपूट दाखवतच नाही, म्हणून तुम्हाला index.html हेच पूर्ण नाव वाटलं. आधी फोल्डरच्या View मध्ये जाऊन File name extensions वर खूण करा (विंडोज ११ मध्ये View मग Show). मग खरं नाव दिसेल, आणि नाव बदलून मागचं .txt पुसा. पुढच्या वेळी सेव्ह करताना All files निवडा. ब्राउझर आतला मजकूर बघून ठरवत नाही की हे पान आहे. घरच्या फाईलच्या बाबतीत तो नावाचं शेपूटच बघतो.

आठवीत दर वर्षी निम्मी मुलं इथेच अडकतात, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

---

डोंबिवलीकर

मला हा सगळा खटाटोप कळत नाही. तयार साचे फुकट मिळतात, फोनवरून फोटो टाकायचे, दर टाकायचे, अर्ध्या तासात पान तयार. दोन खोल्यांसाठी नोटपॅडमध्ये कंस जुळवत कोण बसतं २०-२५ वर्षांपूर्वीसारखं? (मी तो मावसभाऊ नव्हे.)

---

छापखाना

साहेब, विकतच्या मोदकांनाही कोणी नावं ठेवत नाही. पण ज्याला उकड काढायची आहे त्याला काढू द्या ना.

माझं फॉन्टचं म्हणणं मागे घेतो. पण एक सांगतो, ताईंच्या कोडकडे बघताना मला काहीतरी खटकतंय. नक्की काय ते सांगता येत नाही. आमच्या डोळ्याला सवय असते, ओळ कुठेतरी 'छापील' दिसतेय.

---

दीपगृह

थांबा. मला वाटत होतं की फोटोचं दुखणं वेगळं आहे. फोल्डरात फाईल Angan.JPG वगैरे असेल, किंवा फोटो भलत्याच फोल्डरात. पण विंडोज लहानमोठ्या लिपीचा फरक मानत नाही, त्यामुळे पहिली शंका लॅपटॉपवर टिकत नाही (सर्व्हरवर चढवाल तेव्हा मात्र टिकेल, तिथे तो फरक बहुधा मोजला जातो). ताई, एक करा. लॅपटॉपवर त्या फाटक्या चित्रावर उजवं क्लिक करून Open image in new tab करा. जो पत्ता येईल तो कॉपी करून इथे चिकटवा. हाताने टाइप करू नका, कॉपीच करा.

---

खाडीकाठची

लाईट गेली होती, आत्ता आली. ERR_FILE_NOT_FOUND असं आलं. पत्ता पट्टीत साधाच दिसत होता, इथे चिकटवल्यावर मात्र असा झाला:

```
file:///C:/Users/ghar/Desktop/paan/%E2%80%9Cangan.jpg%E2%80%9D
```

हे टक्के कुठून आले? फोटो angan.jpg याच नावाने त्याच फोल्डरात आहे, आत्ता परत बघितलं.

---

दीपगृह

सापडलं. आणि छापखान्यांच्या डोळ्याला सलाम.

E2 80 9C म्हणजे “ आणि E2 80 9D म्हणजे ”. वळलेली, छापील अवतरणचिन्हं. ब्राउझर angan.jpg शोधतच नाहीये, तो अवतरणचिन्हांसकट असलेलं नाव शोधतोय. एचटीएमएलमध्ये नावाभोवती कुंपण म्हणून चालतात ती फक्त सरळ उभी चिन्हं, " किंवा '. वळलेली चिन्हं त्याच्या लेखी क किंवा ज सारखीच अक्षरं. कुंपण नाहीच असं समजून तो चिन्हांसकट सगळं नावात धरतो.

आता तेच वरच्या ओळीला लावा. `charset=“utf-8”` वाचून ब्राउझर “utf-8” नावाची लिपीपद्धत शोधतो, अवतरणांसकट. अशी पद्धत जगात नाही. मग तो काही न बोलता ती ओळ सोडून देतो. म्हणजे ओळ होती पण नसल्यासारखीच. फोटोचं आणि फोनचं दुखणं एकच निघालं.

क्लासच्या नोट्स वर्डच्या फाईलमध्ये होत्या का?

---

खाडीकाठची

हो! वर्डचीच फाईल होती. त्यातूनच कॉपी केलं.

पण मग लॅपटॉपवर मराठी बरोबर कसं दिसत होतं? ओळ तर तिथेही नसल्यासारखीच असणार ना?

---

दीपगृह

प्रश्न चोख आहे. लॅपटॉपवर ब्राउझरने अंदाज बांधला. पत्ता file:/// ने सुरू होत असेल, म्हणजे फाईल स्वतःच्या डिस्कवरची असेल, तर क्रोम बाइटांची ठेवण बघून 'हे UTF-8 दिसतंय' असं ओळखतो. फायरफॉक्सही आवृत्ती ६६ पासून हे करतो. बाहेरून आलेल्या पानाला मात्र ही सवलत देत नाहीत, तिथे पानाने किंवा सर्व्हरने स्वतः सांगावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपमधली फाईल अँड्रॉइडवर उघडली की पत्ता बहुधा content:// ने सुरू होतो, file ने नाही. म्हणून फोनने अंदाज न बांधता जुन्या युरोपी तक्त्यावर बोट ठेवलं.

थोडक्यात, लॅपटॉप तुमची चूक झाकत होता. हेच पान सर्व्हरवर चढवलं असतं तर जगाला à¤ दिसलं असतं आणि तुमच्या घरी अंगण.

---

वेंगुर्ल्याची_सून

याबद्दल मला शंका आहे. वरचं कोड मी वळलेल्या चिन्हांसकट तसंच्या तसं उचललं, फाईल केली आणि माझ्या फोनवर पाठवली. माझ्या अँड्रॉइडवर मराठी व्यवस्थित दिसतंय. फोटो अर्थातच नाही.

---

दीपगृह

कशात उघडली? क्रोममध्ये की फोनबरोबर आलेल्या एखाद्या दर्शकात? पत्त्याची पट्टी दिसते का?

---

वेंगुर्ल्याची_सून

पट्टीच नाही. वर नुसतं फाईलचं नाव. व्हॉट्सअ‍ॅपमधून नाही, फाईल मॅनेजरमधून उघडली होती.

---

दीपगृह

मग तो दुसराच कोणीतरी उघडतोय आणि त्याची रीत वेगळी असू शकते. फोन हातात असल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही.

---

शहाळं

म्हणजे डोंबिवलीचा फोन फ्रेंच, वेंगुर्ल्याचा मराठी. मी पहिल्याच उत्तरात हे सांगितलं होतं.

---

खाडीकाठची

बरं, मग आता ही चिन्हं बदलू कशी? नोटपॅडमध्ये माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. आणि दुसरी गंमत म्हणजे, मी अवतरणाची कळ दाबते तेव्हा तिथे ठ येतो!

---

छापखाना

हाहा, इनस्क्रिप्ट वापरता वाटतं. त्यात त्या कळीवर ट असतो, शिफ्ट दाबली की ठ. तसंच कोनाचा < दाबायला गेलात तर ष मिळेल. कंस आणि अवतरणं लिहिताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्या (विंडोजची कळ धरून स्पेसबार), मजकूर लिहिताना परत मराठीवर. आम्ही आयुष्यभर हेच केलं, बोटं आपोआप शिकतात.

दोन चिन्हं ओळखायची तर नोटपॅडमध्ये कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा, अक्षरं मोठी करा. सरळ चिन्ह म्हणजे दोन उभ्या काड्या. वळलेलं म्हणजे सहा-नऊच्या आकड्यांसारखं. छापायला तेच सुंदर असतं, म्हणून वर्ड आपण टाइप करतानाच ते बदलून ठेवतं. लग्नपत्रिकेसाठी आम्ही मुद्दाम ती चिन्हं घालायचो, आणि इथे तीच नडली.

---

दीपगृह

फाईलमध्ये एकेक शोधत बसू नका. कंट्रोल एच दाबा. वरच्या रकान्यात फाईलमधूनच कॉपी करून “ चिकटवा, खालच्यात इंग्रजी कीबोर्डवरून सरळ " टाइप करा, Replace All. मग तेच ” साठी परत. दोन वेगळी चिन्हं आहेत, एकदा करून भागत नाही. शेवटी या दोन ओळी अशा दिसायला हव्यात:

```
<meta charset="utf-8">
<img src="angan.jpg">
```

मग कंट्रोल एस, आणि ब्राउझरमध्ये एफ ५. सेव्ह न करता नुसतं एफ ५ दाबत बसाल तर जुनंच पान दिसेल, हे मी आजही आठवड्यातून एकदा करतो. आणि charset ची ओळ head मध्ये अगदी वर आहे तिथेच राहू द्या. ती पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावी असा नियम आहे, आणि मराठीत एक चिन्ह तीन बाइट खातं हे आता तुम्हाला माहीतच आहे.

---

डोंबिवलीकर

मी अजूनही म्हणतो, तयार साच्यात हे काही झालं नसतं.

---

वेंगुर्ल्याची_सून

झालं नसतं हे खरं. पण उद्या त्याच साच्यात कुणी à¤ दाखवलं तर ताई आता 'मजकूर शाबूत आहे' असं सांगू शकतील, तुम्ही नवीन साचा शोधाल.

---

बाबू_देवगड

txt काढलंय. पान दिसला!! आवशीक बोलवून दाखवलंय. पण एक घोळ झालो. मी नोटपॅडात दर एकाखाली एक लिवले होते, चार डझनाची पेटी, पाच डझनाची पेटी, सहा डझनाची. ब्राउझरात सगळे एका ओळीत गोळा झाले. गिऱ्हाइकाक वाटात, पाच डझन चार डझनाच्या भावात.

---

दीपगृह

एंटर ब्राउझरला दिसत नाही, तो त्याला एक मोकळी जागा समजतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी `<br>` घाला, किंवा प्रत्येक दर स्वतंत्र `<p>` मध्ये.

---

शहाळं

बाबू, `<br>` घालू नकोस. मला पाच डझन त्या भावात हवीय.

---

खाडीकाठची

मंडळी, झालं! वर-खाली दोन्ही चिन्हं बदलली. Replace All ने “ दोन ठिकाणी बदललं, ” दोन ठिकाणी. सेव्ह, एफ ५, आणि अंगणाचा फोटो आला. एवढा मोठा आला की नुसती तुळसच दिसत होती, उजवीकडे सरकवत जावं लागत होतं. मग फोटोच्या ओळीत `width="600"` घातलं (सरळ चिन्हांत!) तेव्हा सगळं अंगण मावलं.

मग फाईल परत डोंबिवलीला पाठवली. भावाचा फोन आला, मराठी दिसतंय. पण फोटो नाही. त्याच्याकडे परत तो फाटका कागद. माझ्या फोनवरही तसंच. आता तर चिन्हं सरळ आहेत, मग?

---

वेंगुर्ल्याची_सून

तुम्ही त्याला फोटो पाठवला का?

---

खाडीकाठची

वेगळा नाही पाठवला. पानात आहे ना.

---

वेंगुर्ल्याची_सून

नाही ना. पानात फोटोचं फक्त नाव आहे. ब्राउझर ते नाव वाचतो आणि पानाच्या शेजारी, त्याच फोल्डरात त्या नावाची फाईल शोधतो. तुमच्या लॅपटॉपवर ती शेजारी आहे, भावाच्या फोनवर नाही. दोन फाईलींची वजनं बघा, म्हणजे पटेल: पान एक केबीच्याही आत असेल आणि फोटो काही एमबीचा.

---

खाडीकाठची

पान सुमारे ३०० बाइट, फोटो ४.१ एमबी. अच्छा! मग दोन्ही एकदम पाठवले तर?

---

दीपगृह

संगणकावर पाठवत असाल तर फोल्डर झिप करून द्या, समोरच्याने आधी पूर्ण उलगडावं आणि मग पान उघडावं. फोनवर मात्र खात्री नाही. दोन फाईली एकाच फोल्डरात उतरल्या तरी content:// वाल्या पत्त्यावरून ब्राउझरला 'शेजारी' बघायची मुभा बहुधा मिळत नाही. माझ्याकडे आजवर ते चाललेलं नाही.

---

छापखाना

मी कालच माझ्या फोनवर करून पाहिलं. फाईल मॅनेजरमधून उघडल्यावर फोटो आला. व्हॉट्सअ‍ॅपमधून नाही आला.

---

दीपगृह

परत फाईल मॅनेजर! छापखाना, कोणता फोन आणि कशात उघडलं ते सविस्तर टाका. ताई, पाहुण्यांना दाखवायचं असेल तर शेवटी पान आणि फोटो दोन्ही एका सर्व्हरवर चढवावे लागतील. त्याच्या आधी तो ४ एमबीचा फोटो लहान करून घ्या. width="600" ने तो फक्त लहान दिसतो, पाहुण्याच्या फोनला उतरवावा पूर्ण ४ एमबीच लागतो, आणि तुमच्या वळणावर रेंज किती येते ते मला माहीत आहे.

---

खाडीकाठची

रेंज बाहेरच्या माडाखाली दोन दांड्या, घरात शून्य. फोटो लहान करते. सर्व्हरचं उद्या विचारते, आता गुरांचं दूध काढायचंय. आणि शहाळं, लिहिलंय पानावर: मासे रोज, सोमवार आणि चतुर्थी सोडून.

---

शहाळं

तीन दिवस अवतरणचिन्हांवर चर्चा झाली तेव्हा कुठे मासे आले. खोली धरून ठेवा.